जुन्या घराच्या दुरुस्तीची फी: टक्केवारी बरी की टप्प्यांची ठोक रक्कम?

खासगी मालकाला संवर्धनाच्या कामाचा प्रस्ताव पाठवताना सल्लागार म्हणून आपल्या फीची मांडणी साधारण दोन प्रकारे होते. पहिल्यात बांधकाम खर्चावर टक्केवारी असते, दुसऱ्यात प्रत्येक टप्प्याची ठोक रक्कम. तासाच्या दराचा तिसरा मार्गही आहे, पण एखाद्या भिंतीबद्दल मत देण्यापलीकडचं काम असलं की मालकाला त्यात शेवटचा आकडा दिसत नाही आणि तो बिचकतो. म्हणून तो इथे बाजूला ठेवतो. मी दोन्ही पद्धतींनी प्रस्ताव पाठवले आहेत. आता माझा कल कुठे आहे ते पुढे कळेलच, पण टक्केवारीलाही न्याय द्यायला हवा.

टक्केवारीचा प्रस्ताव एका पानात मावतो. मालकाला तो लगेच कळतो, कारण नवीन घर बांधणाऱ्या ओळखीच्यांकडून त्याने तसाच व्यवहार ऐकलेला असतो. काम वाढलं तर फी आपोआप वाढते, वेगळं पत्र लिहावं लागत नाही. काम मोठं असेल, निविदा निघणार असेल, खर्चाचा हिशेब एकाच कंत्राटदाराच्या बिलांतून मिळणार असेल, तर ही पद्धत चांगली चालते.

माझी अडचण झाली ती खासगी मालकांच्या घरांत. टक्केवारी म्हटलं की पुढचा प्रश्न येतो, कशाची? सुरुवातीच्या इस्टिमेटची, कंत्राटाच्या रकमेची, की शेवटच्या बिलांची? खासगी मालक अनेकदा सगळं काम एका कंत्राटदाराला देत नाही. लाकूड तो स्वतः आणतो, कधी पाडलेल्या घरातलं जुनं लाकूड वापरतो. उतरवलेली कौलं धुऊन पुन्हा चढवतो. सुतार त्याच्या ओळखीचा असतो आणि त्याची मजुरी वहीत असते. मागच्या बाजूचं काम पुढच्या वर्षावर जातं. यातलं काय 'बांधकाम खर्चात' धरायचं? एका मालकाने जुन्या तुळया स्वतः मिळवल्या होत्या. त्याच्या मते त्यांची किंमत शून्य होती, आणि त्याच्या बाजूने बघितलं तर ते चूक नव्हतं. मला मात्र त्यातली प्रत्येक तुळई तपासावी लागली होती, कीड बघावी लागली होती, कुठली कुठे चालेल ते ठरवावं लागलं होतं. जपून ठेवलेली वस्तू हिशेबात मोफत धरली जाते, आणि ती जपण्यासाठीच तर आपल्याला बोलावलेलं असतं. त्या कामाची अर्धी बोलणी बिलं कुठली धरायची यावरच झाली. माझ्यासाठी तिथेच पारडं झुकलं.

आकड्यांत बघू. एक दुमजली घर घ्या. विटांच्या भिंती, चुन्याची जोडणी, वर लाकडी तुळया. बाहेरून नंतर कुणीतरी सिमेंटचा गिलावा केलेला. इस्टिमेटमध्ये सगळ्या 14 तुळया बदलायच्या धरल्या आहेत आणि एकूण खर्च 100 भाग आहे. फी 10 टक्के, म्हणजे 10 भाग. तुळयांची भिंतीत गेलेली टोकं उघडून बघितली तेव्हा 5 टोकं कुजलेली निघाली आणि बाकीची ठणठणीत. कारणही दिसलं. सिमेंटच्या गिलाव्यामुळे भिंतीतली ओल बाहेर पडू शकत नव्हती आणि ती टोकांपाशी साठत होती. मग योग्य सल्ला असा, की 9 तुळयांना हात लावू नका, 5 टोकं कापून नवं लाकूड सांध्याने जोडा, सिमेंट काढून चुन्याचा गिलावा करा. खर्च 70 भागांवर आला आणि फी 7 वर. काम मात्र वाढलं, कारण प्रत्येक सांध्याचं वेगळं रेखाटन लागतं, इंजिनिअरशी बोलावं लागतं आणि सुतार काम करत असताना तिथे उभं राहावं लागतं. उलट सगळ्या तुळया बदलायचा सल्ला दिला असता तर एकच रेखाटन पुरलं असतं आणि फी 10 राहिली असती. कुणी मुद्दाम वाईट सल्ला देतो असं मला म्हणायचं नाही. पण 'हेही बदला' म्हणताना मालकाच्या मनात शंका येते आणि तिला टक्केवारीत उत्तर नसतं.

टप्प्यांच्या प्रस्तावात मी पहिल्या टप्प्याची फीच पक्की सांगतो. त्यात मोजणी, नकाशे, खोलीवार स्थितीचा अहवाल आणि ठरलेल्या जागी उघडून तपासणी येते. जागा नावानिशी लिहितो: माजघरावरच्या तुळयांची दोन टोकं, उत्तरेच्या भिंतीचा खालचा गिलावा, एका कोपऱ्यात पाया. 'आवश्यक तिथे तपासणी' असं लिहिलं की ती कधी संपतच नाही. उघडणारा माणूस आणि परांची कोण देणार, उघडलेलं पुन्हा बंद कोण करणार, हेही तिथेच लिहितो. ते लिहिलं नाही तर भिंतीतल्या भोकाची जबाबदारी आपल्यावर येते. जे उघडलं नाही त्याबद्दल अहवाल काही सांगणार नाही, ही ओळ ठळक अक्षरांत असते.

दुसऱ्या टप्प्यात दुरुस्तीची रेखाटनं, कामाचं वर्णन आणि परिमाणं येतात. त्याची फी अहवालानंतर ठरते. प्रस्तावात फक्त खालची-वरची मर्यादा देतो. तिसरा टप्पा साइटवरच्या भेटींचा. भेटींची संख्या लिहायची आणि त्यावरच्या प्रत्येक भेटीचा दर लिहायचा. भेट म्हणजे रोजची देखरेख नाही, कंत्राटदाराचा मुकादम आपण नाही, हेही स्पष्ट लिहायचं.

यानंतर काय धरलेलं नाही त्याची यादी. स्ट्रक्चरल इंजिनिअरची फी, चुन्याच्या नमुन्याची प्रयोगशाळेतली चाचणी, परवानगीसाठीचा पाठपुरावा, विद्युत आणि नळाचं काम. ही यादी मालकाला कधी कधी टाळाटाळीसारखी वाटते, म्हणून प्रत्येकापुढे 'लागल्यास कोण नेमेल' हे लिहावं.

या पद्धतीचे तोटेही आहेत. प्रस्ताव लांब होतो. मालक त्यातली एकूण रक्कम शोधतो, ती सापडत नाही आणि शेजारी कुणीतरी एकच टक्का लिहिलेलं पान ठेवलेलं असतं. काही जण पहिल्या टप्प्यानंतर थांबतात आणि अहवाल घेऊन दुसरीकडे जातात. म्हणून पहिल्या टप्प्याची फी स्वतःच्या पायावर उभी राहील एवढी हवी, पुढचं काम मिळेल या आशेवर ती कमी करू नये. आणि व्याप्ती सैल लिहिली तर ठोक रकमेत नुकसान आपलंच होतं, टक्केवारीत ते निदान काही अंशी भरून निघतं.

मालकाला टक्केवारीच हवी असेल तर मी एक मधला मार्ग देतो. पहिला टप्पा ठोक, आणि पुढची टक्केवारी अहवालानंतरच्या इस्टिमेटवर गोठवलेली. त्या इस्टिमेटमध्ये मालकाने आणलेलं आणि जागेवरचं वापरलेलं सामान नव्याच्या दराने धरलं जाईल, असं वाक्य असतं. ते वाक्य मान्य होत नसेल, तर टप्प्यांच्या प्रस्तावाकडे परत जाणं दोघांनाही सोपं पडतं, निदान माझा अनुभव तसा आहे.