पार्लर बंद झाल्यावर उत्तर कोण देणार: ग्रीटिंग, अवे की क्विक रिप्लाय?

बहिणीचं पार्लर रात्री साडेआठला बंद होतं, पण "उद्या हेअर स्पाला वेळ आहे का?" असे मेसेज खरे सुरू होतात ते जेवणं उरकल्यावर. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये यासाठी तीन सोयी आहेत आणि तिन्ही एकसारख्याच वाटतात. तिने आधी फक्त Greeting message लावला आणि रात्रीचा प्रश्न सुटला असं धरून चालली. तो सुटला नव्हता.

ग्रीटिंग जातं ते पहिल्यांदाच मेसेज करणाऱ्याला, किंवा ज्याच्याशी १४ दिवस काहीच बोलणं झालेलं नाही त्याला. म्हणजे दर आठवड्याला येणाऱ्या काकूंनी रात्री दहाला विचारलं, तर त्यांना काहीच जात नाही. शिवाय त्याला वेळ लावता येत नाही. ते दुपारी जातं तसंच रात्रीही, म्हणून त्यात "लगेच उत्तर देतो" लिहू नका. नाव, पत्ता आणि सुट्टीचा वार एवढं पुरे.

रात्रीसाठी कामाचा आहे तो Away message. आधी बिझनेस प्रोफाइलमध्ये कामाचे तास भरा, मग वेळापत्रकात Outside of business hours निवडा. सोमवारी पार्लर बंद असेल तर कामाच्या तासांतही तो दिवस बंद दाखवा, नाहीतर सोमवारी दिवसभर कुणालाच उत्तर जाणार नाही. कुणाला पाठवायचा हेही ठरवता येतं, त्यामुळे घरच्यांना वगळा. बहिणीचा मजकूर आता असा आहे:

"नमस्कार, पार्लर आता बंद आहे. उद्या सकाळी १० ते ११ मध्ये उत्तर देऊ. तोवर कोणती सर्व्हिस, कोणता दिवस आणि साधारण किती वाजता, हे लिहून ठेवा. आमचा होकार आल्यावरच अपॉइंटमेंट पक्की."

शेवटचं वाक्य गाळू नका. ते नसताना एक ताई आपोआप गेलेल्या उत्तरालाच होकार समजून सकाळी दारात उभ्या होत्या.

एक अडचण मात्र लक्षात ठेवा. फोनला इंटरनेट असेल तरच अवे मेसेज जातो. दुकानाचा फोन गल्ल्यात ठेवून वायफाय बंद करून घरी गेलात, तर सगळं सेटिंग वाया. खात्री करायची तर बंद झाल्यावर घरच्या दुसऱ्या नंबरवरून मेसेज करून बघा. तो नंबर वगळलेल्या यादीत नको.

Quick replies आपोआप जातच नाहीत. चॅटमध्ये / टाइप करून ते आपण निवडायचे आणि पाठवायचे. त्यांचा उपयोग सकाळी दहाला, रात्रीचे मेसेज साचलेले असताना. ५० पर्यंत ठेवता येतात, पण बहिणीला पाचच लागतात: दरपत्रक, पत्ता, अपॉइंटमेंट पक्की, ती वेळ भरली आहे, आणि ब्रायडलसाठी फोन करा. दर वाढवलात की दरपत्रकाचा मजकूर त्याच दिवशी बदला.

तेव्हा एकच लावायला वेळ असेल तर अवे लावा. क्विक रिप्लाय दुसऱ्या दिवशी सकाळी, चहा घेताना लिहून होतील. ग्रीटिंग लावायचं आठवडाभर राहून गेलं तरी चालेल.