तळटीपेत पृ. ७ लिहावे की पृ. ४१८?

परवा एक प्रबंध तपासत होतो. संदर्भसूचीत लेखाची पाने ४१२–४२९ दिलेली आणि तळटीपेत त्याच लेखाचे ‘पृ. ७’. बारा-पंधरा ठिकाणी हाच प्रकार. सूची सॉफ्टवेअरने डीओआयवरून भरली होती, त्यामुळे तिथे छापील अंकातली पाने आली. विद्यार्थिनीने मात्र अंक निघण्याआधी वेबवर आलेली, १ ते १८ पानांची पीडीएफ वाचली होती. दोन्ही आकडे आपापल्या जागी खरे. एकत्र आले की चूक. सातवे पान ४१२ ते ४२९ मध्ये कुठे सापडणार?

आता छापील आकडा द्यावा की वाचलेल्या प्रतीचा? लेख अंकात आला असेल तर माझे मत छापील आकड्याच्या बाजूने आहे. तो बदलत नाही आणि ग्रंथालयातल्या बांधीव खंडातही सापडतो. अंकपूर्व पीडीएफच्या जागी तर पुढे बहुधा अंतिम पीडीएफ येते, मग ‘पृ. ७’ शोधणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. अंतिम पीडीएफ उघडली की पानावर छापलेला आकडाच घ्या. वाचनखिडकीतला 7 / 18 हा फाइलमधला क्रम असतो.

लेख अजून अंकात आलाच नसेल, तर वाचलेल्या प्रतीचा आकडा द्यावा. पण मग सूचीतही खंड-अंक-पाने न देता ‘अंकपूर्व ऑनलाइन प्रसिद्धी’, वर्ष आणि डीओआय एवढेच हवे. सूची एका प्रतीची आणि तळटीप दुसरीची, असे होऊ देऊ नका.

काही नियतकालिकांत प्रश्न नुसत्या आकड्यांचा नसतो. बीएमजेने कित्येक वर्षे संशोधन-लेख छापील अंकात संक्षिप्त आणि वेबवर पूर्ण दिले. तुमचे अवतरण छापील पानावर नसेलही. तिथे वेबचीच प्रत आणि तिचा लेखक्रमांक द्यावा. प्लॉस वनसारख्या फक्त ऑनलाइन नियतकालिकांत लेखक्रमांक सूचीत जातो आणि पीडीएफचे पान तळटीपेत. नुसते वेबपान वाचले असेल, तर एपीएच्या रीतीने उपशीर्षक आणि त्याखालचा कितवा परिच्छेद ते सांगावे. ब्राउझरमधून छापून काढलेल्या प्रतीची पाने कधीच देऊ नयेत. ती कागदाच्या आणि अक्षरांच्या मापाप्रमाणे बदलतात.

राहिली पळवाट: वजाबाकी करून सगळे आकडे एकदम बदलणे. पहिले पान ४१२, म्हणजे प्रत्येक आकड्यात ४११ मिळवायचे. ७ चे ४१८. जुळणी तीच राहिली असेल तर हे चालते. लेखकाचे स्वीकृत हस्तलिखित दुप्पट ओळ-अंतराचे असेल तर अजिबात नाही. पहिल्या पानावर Accepted Manuscript दिसले की हिशेब सोडून द्या. Version of Record दिसले तरी दोन-तीन अवतरणे प्रत्यक्ष शोधून पाहा. या प्रबंधात तेच केले. पहिली दोन बरोबर ४११ ने पुढे निघाली. तिसरे ४१८ वर नव्हतेच. अंतिम जुळणीत एक तक्ता मागच्या पानावर सरकला होता आणि ते वाक्य ४१९ वर गेले होते. मग उरलेली सगळी एकेक करून पाहिली.