गृहप्रवेशाची सजावट: केशरी-पिवळी की पांढरी-हिरवी? आधी दिवा ठरवा

सजावट ठरवताना बहुतेक जण आधी फुलं बघतात, मग मागचं कापड, आणि दिव्यांचा विचार सगळ्यात शेवटी करतात. माझं म्हणणं, सुरुवात दिव्यापासून करा. कार्यक्रम संध्याकाळी असेल तर फुलांचा रंग कसा दिसणार हे बल्बवरच ठरतं.

बल्बच्या खोक्यावर केल्विनचा आकडा असतो. २७०० ते ३००० म्हणजे पिवळसर उजेड, ४००० च्या आसपास मधला आणि ६५०० म्हणजे निळसर पांढरा.

केशरी-पिवळ्या झेंडूला पिवळसर उजेडच हवा. त्यात केशरी रंग उजळतो आणि तेलाच्या दिव्याची ज्योतही त्यात मिसळून जाते. तोच झेंडू ६५०० च्या ट्यूबखाली कोरडा, निस्तेज दिसतो. इथे चूक होते ती मात्र कापडात. पिवळ्या झेंडूमागे पिवळंच कापड लावलं तर चार पावलांवरून माळा दिसेनाशा होतात. मागे गडद हिरवं घ्या, एकेक फूल उठून दिसतं. मरूनही दिवसा छान वाटतं, पण मंद पिवळ्या उजेडात ते काळपट होतं.

पांढरी शेवंती किंवा निशिगंध आणि हिरवी पानं ही जोडी ४००० च्या उजेडात खुलते. पिवळसर उजेडात पांढरं फूल साईसारखं दिसतं, हिरव्यात मळकट छटा येते. मागे मोतिया रंगाचं सुती कापड चांगलं. सॅटिन टाळा, त्यावर प्रत्येक बल्बचा चकाकणारा ठिपका पडतो आणि फोटोत नेमका तोच डोळ्यात भरतो.

जांभळ्या फुलांबद्दल मात्र सावध राहा. आमच्या घरी दुपारी सुरेख दिसलेली जांभळी अॅस्टर संध्याकाळी पिवळ्या दिव्यांच्या माळांखाली तपकिरी झाली होती, कारण त्या उजेडात निळा भाग फारच कमी असतो. जांभळं हवंच असेल तर ४००० चा उजेड ठेवा.

सकाळचा विधी खिडकीच्या उजेडात आणि पाहुणे संध्याकाळी, असं असेल तर मी केशरी-पिवळी जोडीच घेईन. दिवसाच्या उजेडात ती टिकते, रात्री आणखी खुलते. पांढरी-हिरवी सकाळी जास्त देखणी, पण घरातले सगळे दिवे पिवळे असतील तर संध्याकाळी तिची मजा जाते. एकाच भिंतीवर पिवळा आणि निळसर उजेड मात्र एकत्र आणू नका. डोळा सांभाळून घेतो, मोबाइलचा कॅमेरा नाही. एक बाजू सुधारायला गेलं की दुसरी बिघडते.

खरेदीआधी मूठभर फुलं आणि हातभर कापड आणा. अंधार पडल्यावर त्याच भिंतीजवळ, त्याच बल्बखाली धरा. दोन मिनिटं थांबा, डोळे उजेडाला सरावू द्या, मग फोटो काढा. फोटोत फूल कापडापासून वेगळं दिसत नसेल तर फुलं तीच ठेवा आणि कापड बदला.