तीन विषय: आपल्या सोयीचे की क्लायंटच्या अडचणीचे?

घोडबंदर रोडची माझी मैत्रीण बाळंतपणानंतर नोकरीत परतणाऱ्या बायकांना करिअर कोचिंग देते. सोशल मीडियावरच्या पेजसाठी तिने आधी तीन विषय ठरवले: प्रेरणा, टिप्स, क्लायंटचे अनुभव. दुसरा पर्याय आम्ही क्लायंट तिला व्हॉट्सअ‍ॅपवर विचारतात त्या प्रश्नांतून काढला: बायोडेटातली गॅप, मुलाखतीतले अवघड प्रश्न आणि घरकामाची वाटणी.

पहिल्या यादीत सोय आहे, काहीही कुठेही बसतं. पण तोच घोळ. ‘सोमवारची प्रेरणा’ जिम ट्रेनरच्या पेजवरही चालते. नाव झाकून वाचलं तर पोस्ट तिची आहे हे कळत नाही. शिवाय ‘टिप्स’ हा विषय नव्हेच, तो पोस्टचा प्रकार झाला.

दुसरी यादी आखडते खरी, पण ओळख तिथेच तयार होते. ‘तीन वर्षं काय केलंत?’ या एकाच प्रश्नावर उत्तराचा नमुना, नेहमीची चूक, क्लायंटचा अनुभव अशा तीन पोस्ट निघाल्या. म्हणजे टिप्स आणि अनुभव गेले नाहीत, विषयाच्या पोटात आले.

मी दुसरीच घेईन, एक चाचणी करून: प्रत्येक विषयाखाली दहा शीर्षकं लिहायची. ‘घरकामाची वाटणी’ चौथ्यालाच अडली, म्हणून ती रुंदावून ‘घर आणि ऑफिसची वेळ’ केली. त्यात ठाणे लोकलची गर्दी आणि पाळणाघराची वेळही आली. दोन विषयांची शीर्षकं सारखीच दिसू लागली, तर ते एकच समजायचे. आणि लाइक नव्हे, सेव्ह आणि मेसेज मोजायचे.