ल्युपसमध्ये बाळाचा विचार: मायकोफेनोलेट चालू ठेवायचं की अझाथायोप्रिनवर जायचं?

ल्युपसने मूत्रपिंडाला सूज आलेल्या बऱ्याच जणींना मायकोफेनोलेट चालू असतं. बाळ हवं असेल तर सगळ्यात आधी याच गोळीबद्दल डॉक्टरांशी बोलायला हवं.

समजा, २९ वर्षांची एक स्त्री आहे. मायकोफेनोलेट दिवसाला २ ग्रॅम, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, थोडं स्टेरॉइड आणि लघवीतल्या प्रथिनांसाठी रॅमिप्रिल चालू आहे. वर्षभर आजार शांत आहे, पण पाळी कधी ३५ दिवसांनी येते, कधी ५० दिवसांनी. 'दिवस गेले की गोळी बंद करू' असं तिनं ठरवलं, तर घात होईल. पाळी चुकल्याचं तिच्या लक्षात येईपर्यंत बाळाचे अवयव आकार घेऊ लागलेले असतील. मायकोफेनोलेटमुळे गर्भपाताची शक्यता वाढते, बाळाचा ओठ फाटलेला असू शकतो, कानात व्यंग राहू शकतं. म्हणून ही गोळी गर्भ राहण्याच्या किमान सहा आठवडे आधी बंद व्हावी लागते.

मूत्रपिंड सांभाळायला मायकोफेनोलेट चांगलं, यात वाद नाही. बाळ दोन-तीन वर्षांनी हवं असेल, तर खात्रीच्या गर्भनिरोधनासह तेच चालू ठेवणं मला योग्य वाटतं. अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडी असतील तर इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या मात्र नकोत, रक्तात गुठळ्या होण्याचा धोका वाढतो.

बाळ वर्षभरात हवं असेल तर अझाथायोप्रिन. ते गरोदरपणात चालतं आणि अंगावर पाजतानाही. मात्रा वजनाच्या किलोमागे दिवसाला २ मिलिग्रॅमच्या वर सहसा नेत नाहीत. काहींच्या शरीरात ते नीट पचत नाही आणि पांढऱ्या पेशी झपाट्याने उतरतात. आपल्याकडे हा जनुकीय दोष बऱ्याच जणांत सापडतो, म्हणून सुरुवातीचे काही आठवडे रक्ततपासणी चुकवू नये. युरिक ॲसिडसाठी अ‍ॅलोप्युरिनॉल चालू असेल तर आधी सांगावं, दोन्ही एकत्र घेणं धोक्याचं आहे.

बदल केला की लगेच प्रयत्न सुरू करायचे नसतात. तीन ते सहा महिने लघवीतली प्रथिनं, क्रिएटिनिन आणि रक्तदाब बघतात. आजार पुन्हा उसळला तर ते गर्भ राहण्याआधीच कळलेलं बरं. तोपर्यंत गर्भनिरोधन चालूच. रॅमिप्रिलही गरोदरपणात चालत नाही. काही डॉक्टर ते गर्भाची चाचणी पॉझिटिव्ह येईपर्यंत ठेवतात, पण पाळी अशी अनियमित असताना ते आधीच बदलून घेण्याबद्दल विचारावं.

हायड्रॉक्सिक्लोरोक्विन मात्र दोन्ही वाटांवर चालू राहतं. घरचे 'गरोदरपणात गोळ्या नकोत' म्हणतात आणि नेमकी हीच आधी सुटते, मग आजार उसळतो.

मायकोफेनोलेटवर असताना पाळी लांबली, तर 'ल्युपसमुळे असेल' म्हणून वाट पाहू नका. त्याच दिवशी लघवीची चाचणी करा आणि ती पॉझिटिव्ह आली तर बाकीच्या गोळ्या आपल्या मनाने न थांबवता तातडीने डॉक्टरांना गाठा.