भरीव गोल खांब की पोकळ? माझा कौल गाभा पाहून

साध्या, बिनसळईच्या काँक्रीटचा गोल खांब उभा करायचाय, वरचा भार नेमका मध्यावर येणार नाही हे ठाऊक आहे, आणि भरीव घ्यावा की पोकळ यावर गाडी अडलीय, अशांसाठी हे लिहितोय. मी दोन्ही वापरून बसलोय. P/A आणि M/Z तुम्हाला येतं असं धरतो. खांब आखूड आहे, बकलिंगचा प्रश्न नाही, हेही धरतो.

भरीव छेदाच्या गाभ्याची त्रिज्या D/8, पोकळ छेदाची (D² + d²)/(8D). भार या वर्तुळाच्या आत असेल तोवर सगळ्या छेदावर दाबच राहतो. वर्तुळाबाहेर गेला की पलीकडच्या कडेला ताण सुरू. सूत्रात भार किती हे कुठेच येत नाही, येतं ते फक्त तो कुठे पडतो एवढंच. हे वाचून मान डोलावणं सोपं आहे. मला ते अंगावर आल्यावर कळलं.

खांब होता 300 मिमी व्यासाचा, भरीव. भार साधारण 400 किलोन्यूटन. नकाशात विकेंद्रता 30 मिमी आणि गाभ्याची त्रिज्या 37.5 मिमी, म्हणजे कागदावर सगळं आलबेल. उभारणीत वरची बेअरिंग प्लेट 20 मिमी सरकली. कुणी हलगर्जीपणा केला असं नाही, भोकं जुळेनात म्हणून थोडी दामटली एवढंच. विकेंद्रता झाली 50.

भार आला तेव्हा खांबाच्या तळच्या सांध्यात, भाराच्या उलट बाजूला, केसाएवढी रेघ दिसली. आधी वाटलं पृष्ठभागाची चीर असेल. ओल्या फडक्याने पुसून पाहिलं तर बाकी खांब सुकला तरी ती रेघ काळीच राहायची, म्हणजे पाणी आत शिरत होतं. भार उतरवला की ती मिटायची, चढवला की उघडायची. गाभ्याबाहेर गेल्याची याहून स्पष्ट खूण मला माहीत नाही. आकसण्याने पडलेली चीर भाराच्या तालावर अशी उघडझाप करत नाही.

‘अजून वजन टाका, दबून जाईल’ असा सल्ला लगेच आला. त्याच जागी वजन वाढवलं तर दाब वाढतो तसाच ताणही त्याच प्रमाणात वाढतो. उपयोग झालाच तर मध्यावर टाकलेल्या वजनाचा, कारण त्याने एकूण भाराची रेषा आत सरकते. शेवटी प्लेट सोडवून पुन्हा जागेवर बसवली, आणि ते काम किती किचकट होतं ते विचारूच नका. पुढच्या वेळी पोकळ खांबाकडे वळलो तो या एका त्रासापायी. साडेसात मिमीच्या शिलकीवर खांब उभा करणं मला परवडत नाही.

आता तितक्याच काँक्रीटचा पोकळ खांब घेऊ: बाहेरचा व्यास 375, आतला 225, भिंत 75 मिमी. क्षेत्रफळ 300च्या भरीव खांबाएवढंच, कारण 375² वजा 225² म्हणजे बरोबर 300². गाभ्याची त्रिज्या मात्र 63.75 मिमी, म्हणजे 1.7 पट. दोन्हींत सरासरी दाब 5.66 न्यूटन प्रति चौ. मिमी. 50 मिमी विकेंद्रतेला भरीव खांबात वाकण्याचा वाटा 7.55 होतो, म्हणून एका कडेला 13.2 दाब आणि दुसरीकडे 1.9 ताण. हा ताण सांधा घेणार नाही, तो उघडेल आणि दाब 13.2च्याही वर जाईल. पोकळ खांबात तोच वाटा 4.44, म्हणजे कडांवर 10.1 आणि 1.2, दोन्हीकडे दाबच. प्लेट तेवढीच सरकली असती तरी मला फडकं घेऊन बसावं लागलं नसतं.

बाहेरचा व्यास वाढवायला जागा नसेल तर चित्र बदलतं. 300 व्यासातच 180ची पोकळी ठेवली तर गाभा 51 मिमी होतो, म्हणजे 50 विकेंद्रतेला ताण जेमतेम टळतो. पण क्षेत्रफळ 64 टक्क्यांवर येतं आणि दाबाची कड 17.5 पर्यंत चढते. ताण चुकवला, दाब ओढवून घेतला. अशा वेळी मी पोकळ खांबाचा आग्रह धरणार नाही. भिंत पातळ करत गेलात तर गाभा जास्तीत जास्त D/4 कडे सरकतो, त्यापुढे नाही. त्याआधीच भिंत स्वतः फुटण्याची किंवा मुडपण्याची भीती पुढे येते.

पोकळ खांबाचेही दोन नखरे आहेत, ते लपवत नाही.

पहिला जरा गमतीचा आहे. आतला व्यास बाहेरच्या सुमारे 0.27 पटीहून मोठा झाला की अख्खा गाभा पोकळीतच बसतो. म्हणजे ज्या जागी भार यायला हवा तिथे काँक्रीटच नाही! आपल्या 375च्या खांबात भिंत मध्यापासून 112.5 मिमीवर सुरू होते आणि गाभा 63.75लाच संपतो. तुळई नुसती एका बाजूच्या भिंतीवर टेकवली तर ती भिंतीवर कुठेही ठेवा, गाभ्याबाहेरच पडणार. समोरासमोर दोन सारख्या तुळया आल्या तर दोघींची परिणामी रेषा मध्यावर येते आणि प्रश्न मिटतो. पण उभारणीत एक तुळई आधी चढते, दुसरी दोन दिवसांनी. त्या मधल्या काळासाठी टेकू द्या. नाहीतर वर जाड, ताठ टोपी घाला आणि भार तिच्या मध्याजवळ येऊ द्या. पातळ टोपी वाकते आणि भार पुन्हा कडेच्या भिंतीवर जातो.

दुसरा नखरा आतल्या साच्याचा. काँक्रीट एका बाजूने जास्त ओतलं की साचा ढकलला जातो. आमच्या खांबात तो 10 मिमी सरकला, म्हणजे एकीकडे भिंत 65, दुसरीकडे 85. छेदाचा मध्य जाड भिंतीकडे सुमारे 5.6 मिमी सरकतो. भार पातळ भिंतीच्या बाजूला असेल तर विकेंद्रता 50 ऐवजी 55.6 होते. गाभाही थोडा बदलतो, तो धरून शिल्लक पावणेचौदावरून साडेनऊच्या आसपास येते. म्हणजे साचा सरकूनही भरीव खांबाच्या नकाशातल्या शिलकीपेक्षा जास्तच. बाहेरून मात्र हे दिसत नाही, म्हणून टोपी घालण्याआधी वरून चार बाजूंना भिंत पट्टीने मोजून घ्या आणि पातळ बाजू भारापासून लांब फिरवता येते का ते पाहा. अर्थात, खांब जागेवरच ओतला असेल तर फिरवणार काय.

भार खरोखर मध्यावर असेल, किंवा व्यास वाढवायला वाव नसेल, तर भरीव घ्या, ओतायला सोपा. खांब पोलादी नळीचा असेल तर हा हिशेब फारसा लागू नाही, नळीला ताणाचं वावडं नाही. तिथे तळच्या प्लेटचे बोल्ट तपासायचे. बिनसळईच्या काँक्रीटला किंवा विटांच्या बांधकामाला बाजूचा भार असेल आणि बाहेर 75 मिमी जास्त मिळत असतील, तर मी तरी पोकळच घेईन, आणि 63.75 मधले 15 मिमी उभारणीच्या चुकांसाठी राखून ठेवीन.