याजिलिन: आधी बाण की आधी वाट?

याजिलिन या जपानी कोड्यात बाणाचा आकडा त्या दिशेला किती घरं काळी करायची ते सांगतो, आणि बाणांची घरं सोडून उरलेल्या सगळ्या पांढऱ्या घरांतून एकच बंद वाट काढायची असते. सोलापुरातल्या आमच्या कट्ट्यावर बहुतेक जण आधी बाण सोडवतात. मला वाट आधी पाहणं जास्त पटतं.

समजा, वरच्या ओळीत उजवीकडे बाण आहे, आकडा २, आणि कोपऱ्यापर्यंत चार घरं. काळी घरं शेजारी नकोत, म्हणून बाणाच्या हिशोबाने तीन शक्यता उरतात: १-३, १-४, २-४.

आता वाट बघा. तिसरं घर काळं केलं, तर कोपऱ्यातून बाहेर पडायला एकच तोंड राहतं; १-३ बाद. दुसरं केलं, तर पहिलं घर बाण आणि काळ्याच्या मधे अडकतं, २-४ही बाद. उरलं १-४, खोडरबर न लावता!

मधल्या एखाद्या ओळीत बाण पाचच घरांवर ३ सांगत असेल, तेव्हा मात्र आधी बाणच घ्या: १-३-५.